आहारसल्ला: नोव्हेंबरचे कन्सल्टेशन स्लॉट सुरू

"महिन्यात किती किलो उतरतील?" हा प्रश्न मेसेजमध्ये सगळ्यांत जास्त येतो. आकडा मी सांगत नाही. आदल्या रात्री मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, एवढ्यानंही काटा किलोभर इकडेतिकडे होतो. कार्बोहायड्रेट एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात वजन झपाट्यानं उतरतं खरं, पण त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. कार्बोहायड्रेट शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, तेच निघून जातं. त्या पाण्याच्या जोरावर गॅरंटी कशी द्यायची?

बिफोर-आफ्टर फोटो मी टाकत नाही, तुमच्याकडे मागतही नाही. काट्यावर उभं राहायचं की नाही हेही तुम्ही ठरवा. (नको असेल तर नुसतं "नको" म्हणा, कारण विचारणार नाही.)

मग भेटीत होतं काय? तुम्ही कधी जेवता, झोप कशी आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आधी नीट ऐकून घेते. कितीदा गोष्ट ताटात नसतेच. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एका घोटात घेतली जाते. या दोन्हींत ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. लोहाच्या गोळीवर लगेच कॉफी प्यायली, तर लोहही नीट शोषलं जात नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि सतत थकवा असेल, तर बी-१२ तपासून घ्यायचं का हे डॉक्टरांना विचारा, असं सुचवते. औषधाचा डोस मात्र डॉक्टरच बदलतील, मी नाही.

फरक कशात बघायचा हे आपण मिळून ठरवू: दुपारची सुस्ती, पोटाच्या तक्रारी, रिपोर्टमधले आकडे. एचबीए१सी गेल्या २-३ महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतं, त्यामुळे पंधरा दिवसांत ते पुन्हा करून खर्च वाढवू नका.

वेळा: मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी ५ ते ८, शनिवारी सकाळी १० ते १. पहिली भेट ४५ मिनिटांची, पुढच्या २० मिनिटांच्या. सगळं व्हिडिओ कॉलवर. कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. पॅकेज नाही. एका भेटीत काम झालं, तर पुढची घ्यायलाच हवी असं नाही.

येताना अलीकडचे रिपोर्ट, गोळ्यांची नावं आणि तीन दिवसांत जे खाल्लं ते जसंच्या तसं लिहून आणा. मला दाखवायचं म्हणून तीन दिवस शहाण्यासारखं जेवू नका, माझंच काम वाढतं!

खाण्याची भीती वाटत असेल, किंवा खाऊन झाल्यावर उलटी काढावीशी वाटत असेल, तर स्लॉटची वाट पाहू नका. आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यांच्यासोबत काम करायला मी आहेच.

स्लॉट हवा असेल तर मेसेजमध्ये वार, वेळ आणि एका ओळीत तुमची अडचण लिहा. वजन लिहिलं नाही तरी चालेल.

#आहारसल्ला #आहारतज्ज्ञ