आडत हिशोबाच्या सॉफ्टवेअरला झालेला उशीर आणि नवी तारीख

बुधवार, 1 ऑक्टोबर 2025
पुणे

आदरणीय जगताप शेठ,
सप्रेम नमस्कार.

मार्केट यार्डातल्या आपल्या गाळ्याचं नवं सॉफ्टवेअर काल, 30 सप्टेंबरला चालू करून द्यायचं ठरलं होतं. ते झालेलं नाही. उद्याच्या दसऱ्याला खंडेपूजनात कॉम्प्युटरही ठेवायचा आणि पहिली पट्टी नव्या सॉफ्टवेअरमधून काढायची, अशी आपली इच्छा होती. तो मुहूर्त आमच्यामुळे चुकला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

नवी तारीख सोमवार, 13 ऑक्टोबर. म्हणजे वसुबारसेच्या चार दिवस आधी.

आता कारण. खरेदीदारांची उधारी, हमाली-तोलाई आणि पट्टीची छपाई हे सगळं तयार आहे, आपल्या दिवाणजींनी ते पाहिलंही आहे. काम अडलं ते शेतकऱ्यांच्या खात्यांवर. जुनी खाती जुन्या मराठी फाँटमध्ये आणि गेल्या काही वर्षांतली युनिकोडमध्ये, अशी 11,860 खाती एकत्र करायची होती. 25 सप्टेंबरला दिवाणजींनी सहज म्हणून गोऱ्हे बुद्रुकच्या एका शेतकऱ्याचं खातं उघडलं. त्याच्या नावावर 18,000 रुपये उचल असायला हवी होती, स्क्रीनवर शून्य दिसलं. शोधल्यावर त्याच नावाचं, त्याच गावाचं दुसरं खातं निघालं आणि उचल तिथं पडलेली होती.

दोष निघाला तो ‘गोऱ्हे’मधल्या त्या अर्ध्या र मध्ये. हा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन वेगळी नावं, म्हणून दोन वेगळे शेतकरी. जुन्या फाँटमधली नावं बदलताना एक पद्धत आली आणि आपल्याकडे नंतर टाइप झालेल्या नावांत दुसरी होती. गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाड, जिथं जिथं हा र आला तिथं खातं फुटण्याची भीती. (‘दसऱ्याला’ या शब्दातही तोच र बसला आहे, हे लिहिताना लक्षात आलं.)

अशी फुटल्याचा संशय असलेली 412 खाती निघाली. गाव, मोबाइल नंबर आणि जुन्या पट्ट्या ताडून 269 जुळवली. उरलेली 143 आम्ही आमच्या मनानं जोडणार नाही. एकाच गावात एकाच नावाचे चुलतभाऊ असतात. चुकून दोघांचं खातं एक झालं तर एकाची उचल दुसऱ्याच्या पट्टीतून कापली जाईल, आणि ते भांडण आपल्या गाळ्यावर येईल.

चूक आमची आहे. चाचणीसाठी आम्ही फक्त 200 नावं घेतली होती आणि त्यात हा र असलेलं एकही नाव नव्हतं. शिवाय 25 तारखेला दोष दिसला तेव्हाच आपल्याला फोन करायला हवा होता. चार दिवसांत आवरेल असं वाटलं आणि थांबलो, तेही चुकलंच.

पुढचं असं ठरवलं आहे. 143 नावांची छापील यादी सोमवारी 6 तारखेला गाळ्यावर आणतो. लिलाव आटोपल्यावर दिवाणजींचे दोन-तीन तास लागतील. ते निम्मी माणसं चेहऱ्यानं ओळखतात, ते काम आमच्यानं होणार नाही. शनिवारी 11 तारखेला बाजार बंद असतो, त्या दिवशी सगळी खाती नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून प्रत्येक शेतकऱ्याची बाकी जुन्याशी ताडून पाहू. रविवारी आवक जास्त, त्या गर्दीत नवी गोष्ट सुरू करायला नको, म्हणून सोमवार धरला. पहिले तीन दिवस आमचा एक माणूस पहाटे पाचपासून गाळ्यावर असेल. तोवर जुनं सॉफ्टवेअर आहे तसंच चालू राहू द्यावं, त्यातल्या नोंदी 11 तारखेला आपोआप येतील, दुबार लिहायची गरज नाही.

45,000 रुपयांचा शेवटचा हप्ता 30 सप्टेंबरला द्यायचा होता, तो आता देऊ नये. नव्या सॉफ्टवेअरवर सलग पंधरा दिवस पट्ट्या बिनचूक निघाल्यावरच द्यावा. देखभालीचं वर्षही 13 ऑक्टोबरपासून मोजू. शनिवारी बाकी ताडताना एक रुपयाचाही फरक राहिला तर त्याच संध्याकाळी मी स्वतः फोन करून सांगेन, सोमवारची वाट पाहणार नाही.

उद्या सकाळी पूजेला येतोच आहे. रागवायचं असेल तर तेव्हा समोरच रागवा.

आपला,
मंदार