विषय: रिलीव्हिंग लेटर व अनुभव प्रमाणपत्र बुधवार, २४ सप्टेंबरपर्यंत मिळण्याबाबत (कर्मचारी क्रमांक ४१७२)

दिनांक: १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
प्रत: प्रमुख, लेखा विभाग, माझे रिपोर्टिंग मॅनेजर

आदरणीय मॅडम,

नमस्कार. ३१ जुलै २०२५ रोजी मी कंपनीतून कार्यमुक्त झाले. त्यानंतर माझे रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र अद्याप मिळालेले नाही. ही दोन्ही पत्रे बुधवार, २४ सप्टेंबर २०२५ रोजी कामकाज संपेपर्यंत ईमेलवर पाठवावीत, अशी विनंती करण्यासाठी हे लिहीत आहे. तारीख एवढी नेमकी का घातली आहे, ते पुढे सांगते.

आधी नोंदींपुरते. मी २ जून रोजी राजीनामा दिला. आपल्या विभागाने ५ जूनच्या ईमेलने तो स्वीकारला आणि ३१ जुलै हा शेवटचा दिवस ठरवून दिला. साठ दिवसांचा नोटीस पीरियड मी पूर्ण केला. त्यातला एकही दिवस विकत घेतला नाही की रजेत वळवला नाही. माझ्याकडचे काम ज्या सहकाऱ्यांकडे गेले त्यांनी हँडओव्हरच्या कागदावर सह्या केल्या आहेत. शेवटच्या दिवशी लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र आणि लॅबच्या कपाटाची किल्ली जमा केली, त्याची पोच माझ्याकडे आहे. एक्झिट इंटरव्ह्यूही त्याच दुपारी झाला. कार्यमुक्तीनंतर तीस दिवसांत पत्रे आणि अंतिम हिशेब मिळेल, असे आपल्याच एक्झिट ईमेलमध्ये लिहिले आहे. ही मुदत ३० ऑगस्टला संपली.

११ ऑगस्टला मी चौकशी केली तेव्हा ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर आले. २९ ऑगस्टच्या उत्तरात मात्र कारण कळले: लेखा विभागाचे ‘ना-देय’ बाकी असल्यामुळे फुल अँड फायनल अडकले आहे, आणि ते झाल्याशिवाय पत्रे देता येत नाहीत. त्यानंतर मी ४ सप्टेंबरला पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलेले नाही.

‘ना-देय’ कशावरून अडले, ते लेखा विभागात फोन करून विचारले. मे महिन्यात पुरवठादाराच्या कारखान्यात ऑडिटसाठी गेले होते, त्या दौऱ्याच्या अ‍ॅडव्हान्सपैकी ६,८४० रुपये माझ्या नावावर उघडे दिसत आहेत. ही रक्कम हॉटेलच्या बिलाची आहे. ते बिल मी २६ मे रोजी बाकीच्या बिलांबरोबर पोर्टलवर चढवले होते आणि मूळ प्रत लेखा विभागात दिली होती. क्लेम मॅनेजरांनी मंजूर केल्याचा ईमेलही आहे. बिलाची स्कॅन प्रत आणि तो ईमेल सोबत पुन्हा जोडत आहे.

आता मुद्द्याचे बोलते. या रकमेवरून लेखा विभागाला आणखी तपासणी करायची असेल तर ती अवश्य करावी. तोवर वाटल्यास ६,८४० रुपये माझ्या अंतिम हिशेबातून वळते करून घ्यावेत. त्याला माझी लेखी संमती आहे, हा ईमेल हीच संमती समजावी. बिलाची नोंद लागली की ती रक्कम मला परत करता येईल. माझ्या शिल्लक रजेचे पैसेच या रकमेपेक्षा कितीतरी जास्त होतात, त्यामुळे कंपनीचे पैसे बुडण्याची भीती नाही.

पण हिशेब आणि पत्रे यांची सांगड घालू नये, ही माझी ठाम विनंती आहे. रिलीव्हिंग लेटर एवढेच सांगते की, अमुक व्यक्तीचा राजीनामा स्वीकारला आणि तिला अमुक तारखेला कामातून मोकळे केले. ही गोष्ट ३१ जुलैला घडून गेली आहे आणि आपण ती लेखी मान्य केली आहे. अनुभव प्रमाणपत्रात मी किती काळ आणि कोणत्या पदांवर काम केले, याची नोंद असते. हॉटेलचे बिल सापडले काय किंवा न सापडले काय, या दोन्हींपैकी कशातही फरक पडत नाही. हिशेबाला पंधरा दिवस जास्त लागले तर मी थांबेन, त्याबद्दल कुरकुर करणार नाही. पत्रांसाठी मात्र थांबण्याची सोय आता माझ्याकडे नाही.

११ ऑगस्टला मी नव्या नोकरीत रुजू झाले. राजीनामा स्वीकारल्याचा आपला ईमेल पाहून त्यांनी मला तात्पुरते सामावून घेतले. मात्र रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र साठ दिवसांत, म्हणजे १० ऑक्टोबरपर्यंत देईन, असे हमीपत्र माझ्याकडून लिहून घेतले आहे. ते न दिल्यास नेमणूक रद्द करण्याचा अधिकार त्यांनी नेमणूकपत्रात राखून ठेवला आहे. पत्रे मी जमा केली की त्यांची पडताळणी एजन्सी आपल्याकडे ईमेल करून खातरजमा करणार, आपण उत्तर देणार, मग तिचा अहवाल जाणार. मध्ये २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आहेत, त्याला जोडून बरेच जण रजेवर असतात. पत्रात एखादी चूक निघाली तर दुरुस्तीलाही दोन-चार दिवस हवेत. हे सगळे मागे मोजत आले की २४ सप्टेंबर ही तारीख येते. ती सोयीसाठी अलीकडे ओढलेली नाही.

दुरुस्तीची वेळच येऊ नये म्हणून पत्रात यायला हवा तो तपशील खाली एकत्र देते:

संपूर्ण नाव: मधुरा श्रीकांत देशमुख (पॅन व आधारप्रमाणे)
रुजू तारीख: ४ ऑक्टोबर २०२१
कार्यमुक्तीची तारीख: ३१ जुलै २०२५, कामकाज संपल्यावर
रुजू होतानाचे पद: क्वालिटी इंजिनिअर
कार्यमुक्त होतानाचे पद: सीनियर क्वालिटी इंजिनिअर (१ एप्रिल २०२४ पासून)
नोकरीचे स्वरूप: कायम, पूर्णवेळ

यातल्या दोन गोष्टींकडे कृपया स्वतः लक्ष द्यावे. पगाराच्या नोंदींत माझे नाव वडिलांच्या नावाशिवाय आहे. पत्रावर तेच नाव आपोआप छापले गेले तर पॅनशी जुळणार नाही आणि पडताळणीत शेरा येईल.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. १ एप्रिल २०२३ पासून आमच्या संपूर्ण विभागाला समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या पे-रोलवर घेण्यात आले. टेबल तेच, मॅनेजर तेच, कामही तेच राहिले. बदलले ते पगाराच्या चिठ्ठीवरचे नाव. पण भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर माझ्या एकाच यूएएनखाली दोन आस्थापना आणि दोन सदस्य क्रमांक दिसतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला या दोन वेगळ्या नोकऱ्या वाटतात. अनुभव प्रमाणपत्रात फक्त सध्याच्या कंपनीचे नाव आणि १ एप्रिल २०२३ ही तारीख आली, तर माझी आधीची दीड वर्षे कागदावरून गायब होतील. म्हणून दोन्ही कंपन्यांची नावे, बदलीची तारीख आणि सेवा अखंड असल्याचा उल्लेख, हे तिन्ही एकाच प्रमाणपत्रात असावे. त्या वेळी आपण सर्वांना दिलेल्या बदलीपत्रात ‘सेवा अखंड धरली जाईल’ असे स्पष्ट म्हटले आहे, त्याची प्रत जोडली आहे. माझ्याबरोबर बदली झालेल्या इतरांनाही पुढेमागे हेच लागेल, तेव्हा मजकूर एकदा नीट ठरवून ठेवला तर आपल्याच विभागाचा वेळ वाचेल.

पत्रे कंपनीच्या लेटरहेडवर, तारीख आणि अधिकृत सहीसह असावीत. डिजिटल सही केलेली पीडीएफ नव्या कंपनीला चालते, हे मी विचारून घेतले आहे. त्यामुळे छापील प्रतीसाठी किंवा कुरिअरसाठी थांबू नये. मूळ प्रती नंतर सवडीने पाठवल्या तरी हरकत नाही. पगाराचा आकडा प्रमाणपत्रात घालण्याची गरज नाही. वर्तणुकीबद्दल एखादे वाक्य आपल्या नेहमीच्या नमुन्यात असेल तर असू द्यावे. पण केवळ तेवढ्यासाठी मॅनेजरांचा शेरा मागवून आणखी आठवडा जाणार असेल, तर ते वाक्य नसले तरी माझे काही अडत नाही.

याच निमित्ताने आणखी दोन छोट्या गोष्टी. पीएफ पोर्टलवर दुसऱ्या सदस्य क्रमांकापुढे नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नाही. ती नसल्यामुळे जुनी रक्कम नव्या खात्यात वळवण्याचा ऑनलाइन अर्ज करता येत नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तारीख मला स्वतःला भरता येते, पण ती कंपनीकडून गेलेली बरी. रिलीव्हिंग लेटरबाबत तशी सोय नाही, ते कंपनीनेच द्यावे लागते. दुसरे म्हणजे, जुलैची पे-स्लिप काढण्याआधीच माझे पोर्टलचे लॉगिन बंद झाले. ती आणि एप्रिल ते जुलैचे पगार व कपात केलेल्या कराचे विवरण मिळाल्यास नव्या कंपनीला या वर्षीचा टीडीएस बरोबर कापता येईल. या दोन्ही गोष्टी २४ तारखेनंतर झाल्या तरी चालतील. त्यांच्यामुळे पत्रे थांबू नयेत.

पत्रे २४ तारखेपर्यंत देणे कोणत्याही कारणाने शक्य नसेल, तर कृपया गुरुवार, १८ सप्टेंबरपर्यंत मला लेखी कळवावे: अडचण काय आहे, ती कोणाकडे आहे, आणि पत्रे नेमकी कोणत्या तारखेला मिळतील. तोवरचा पर्याय म्हणून, मी ४ ऑक्टोबर २०२१ ते ३१ जुलै २०२५ या काळात नोकरीत होते आणि रीतसर कार्यमुक्त झाले आहे, एवढा दोन ओळींचा ईमेल आपल्या अधिकृत पत्त्यावरून द्यावा. तो मी नव्या कंपनीला दाखवू शकेन. ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढ्याच उत्तरावर मात्र आता मला पुढे काही करता येणार नाही.

२४ तारखेपर्यंत पत्रे किंवा लेखी तारीख, यांपैकी काहीच आले नाही, तर २५ सप्टेंबरला हा सगळा पत्रव्यवहार मी मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांकडे पाठवणार आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तो ईमेल आपल्याला अचानक आलेला वाटणार नाही. त्यापुढच्या पायऱ्यांचा विचार करण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही, म्हणून त्यांबद्दल इथे काही लिहीत नाही.

जवळजवळ चार वर्षे मी या कंपनीत मनापासून काम केले आणि शिकलेही पुष्कळ. बदलीच्या वेळी पगाराच्या नोंदींत झालेला घोळ आपण स्वतः बसून निस्तरला होता, ते मी विसरलेले नाही. अ‍ॅप्रेझलच्या कामाचा ताण सध्या आपल्या विभागावर आहे, याचीही जाणीव आहे. लेखा विभागाकडून काही विचारणा असेल तर मला थेट फोन करावा. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर मी नक्की उचलते, आणि नंबर तोच आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
मधुरा श्रीकांत देशमुख
कर्मचारी क्रमांक ४१७२
माजी सीनियर क्वालिटी इंजिनिअर

सोबत: राजीनामा (२ जून) व स्वीकृतीचा ईमेल (५ जून), हँडओव्हरचा सह्या झालेला कागद, लॅपटॉप व इतर साहित्य जमा केल्याची पोच, हॉटेलच्या बिलाची स्कॅन प्रत व क्लेम मंजुरीचा ईमेल, एप्रिल २०२३ चे बदलीपत्र, पॅन कार्डाची प्रत