टायट्रेशनच्या तोंडीची शिडी : परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल

बारावी विज्ञान, रसायनशास्त्र, सराव प्रात्यक्षिक परीक्षा, बॅच ब. विद्यार्थी 20, तोंडीसाठी प्रत्येकी साधारण सहा मिनिटं, गुण 5.

दिलेलं द्रावण : 0.05 M ऑक्झॅलिक आम्ल. शोधायचं : KMnO₄ ची तीव्रता. पिपेट 10 mL, ब्युरेट 25 mL.

परीक्षक मॅडम, सर, आधी थोडं बोलतो. गेल्या वर्षी आपण वीस जणांना तेच सहा प्रश्न विचारले आणि पाचव्या मुलापासून बाहेरच्या बाकावर उत्तरं तयार होती. म्हणून यंदा शिडी केली आहे. पहिल्या पायरीवर सगळे चढतील, वर कोण जातं ते पाहायचं. गुण किती प्रश्न झाले यावर नाहीत, मूल कोणत्या पायरीपर्यंत स्वतःच्या पायांनी पोचलं यावर आहेत. अडलं तर एकच धागा द्या (खाली दिले आहेत). तरी नाही जमलं तर एक पायरी खाली येऊन एक सोपा प्रश्न विचारा आणि सोडा. रडवून पाठवू नका, दुपारी त्यांना मीठ ओळखायचं आहे.

समोर जर्नल नको, निरीक्षणाचा तक्ता हवा. दुसऱ्या पायरीपासूनचे प्रश्न त्या तक्त्यातूनच निघतात.

पहिली पायरी : आठवतं का? (तीन प्रश्न, एका मिनिटात)

ब्युरेटमध्ये काय घेतलंस, फ्लास्कमध्ये काय? इंडिकेटर कोणता? एंड पॉइंटला रंग कशातून कशात बदलला?

उत्तरं : ब्युरेटमध्ये परमँगनेट, फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल आणि विरल सल्फ्युरिक आम्ल. वेगळा इंडिकेटर नाही, परमँगनेट स्वतःच इंडिकेटर. रंगहीन ते फिका गुलाबी. "गुलाबी ते रंगहीन" म्हणणारे निदान तीन निघतील. त्यांना लगेच चूक म्हणू नका, "फ्लास्क आधी कसा दिसत होता?" एवढंच विचारा. हाताने केलं असेल तर तिथेच सुधारतात.

पर्यायी प्रश्न, पुढच्यांसाठी : ऑक्झॅलिक आम्लाचं रेणुवस्तुमान किती? (स्फटिकात पाण्याचे दोन रेणू धरून 126.) KMnO₄ चं? (158.) पिपेट तोंडाने का ओढायची नाही? (ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. बल्ब कशासाठी ठेवलाय मग!)

दुसरी पायरी : हातांनी केलंस का?

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पाठांतर इथे उघडं पडतं. तक्त्यावर बोट ठेवा आणि विचारा.

"पायलट रीडिंग 9 ते 10 लिहिलंयस, मग पहिलं रीडिंग घेताना 9 पर्यंत कसं सोडलंस आणि पुढे कसं?" आधी धार, मग थेंब थेंब, हे हाताचा अभिनय करत सांगतात. अभिनय बरोबर असेल तर अर्धं उत्तर झालं. डावा हात स्टॉपकॉकवर आणि उजव्याने फ्लास्क हलवणं, हे दाखवायला सांगा.

"तिन्ही वेळा सुरुवात 0.0 आणि शेवट 10.0. ब्युरेट किती वेळा भरलंस?" ब्युरेट 25 चं आहे, त्यामुळे तिसऱ्या रीडिंगसाठी परत भरावंच लागतं, आणि दर वेळी शून्यापासून सुरू करायचं तर तीनदा. ज्याने शेजाऱ्याचं उतरवलंय तो इथे "एकदाच" म्हणतो. त्याला रागावू नका, शिडी इथेच थांबवा आणि गुण 1 द्या.

"रीडिंग द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या वरच्या कडेला घेतलंस की खालच्या?" वरच्या, कारण गडद जांभळ्या द्रावणात खालची कड दिसतच नाही. लगेच पुढचा : "मग तुझं रीडिंग चुकलं नाही का?" नाही. सुरुवातीलाही वरची कड, शेवटीही वरची, फरक तोच राहतो. एकदा वरची आणि एकदा खालची घेतली तर मात्र चूक. हे स्वतःहून सांगणाऱ्याला दुसऱ्या पायरीवर ठेवूच नका, सरळ चौथीवर न्या.

"फनेल काढलास का?" एवढा छोटा प्रश्न. फनेल तसाच राहिला आणि मध्येच त्यातून थेंब पडला तर रीडिंग खरं असायला हवं त्यापेक्षा कमी येतं.

तिसरी पायरी : का?

इथे "पुस्तकात लिहिलंय" चालणार नाही.

का गरम केलंस? थंड द्रावणात ही अभिक्रिया फार मंद चालते, म्हणून 60 ते 70 अंश सेल्सिअस. "पहिले एक-दोन थेंब पडल्यावर रंग लगेच गेला का?" ज्याने पाहिलंय तो सांगेल, की पहिला थेंब बराच वेळ गुलाबी राहिला, मग झपाझप जायला लागला. कारण तयार होणारे Mn²⁺ स्वतःच अभिक्रियेला वेग देतात. वर्गात मी "ऑटोकॅटॅलिसिस" शब्द सांगितला आहे. तो आठवला नाही आणि गोष्ट सांगितली तरी पूर्ण धरा. उलटं झालं, म्हणजे शब्द आहे पण गोष्ट नाही, तर अर्धंच.

सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर? परमँगनेट क्लोराइडचं क्लोरीन करतं आणि त्यात स्वतः खर्च होतं, त्यामुळे रीडिंग जास्त येतं. नायट्रिक? ते स्वतःच ऑक्सिडीकारक, म्हणून परमँगनेट कमी लागतं. धागा : "परमँगनेटला फ्लास्कमध्ये आणखी काही खायला मिळतंय का?" वर्गात मी असंच बोलतो, मुलांना कळतं.

समीकरण मागा, पण पूर्ण लिहून नको. सहा मिनिटांत अंक जुळवत बसतील. फक्त प्रमाण विचारा.

```
2 KMnO4 + 5 H2C2O4 + 3 H2SO4 → K2SO4 + 2 MnSO4 + 10 CO2 + 8 H2O
```

दोनास पाच कुठून आलं? मँगनीज +7 वरून +2 वर येतं, पाच इलेक्ट्रॉन घेतं. ऑक्झलेटमधला प्रत्येक कार्बन +3 वरून +4 वर जातो, कार्बन दोन, म्हणून दोन इलेक्ट्रॉन. अदलाबदल करून 2 : 5. "तिरकस गुणाकार" म्हणणाऱ्याला इलेक्ट्रॉन दाखवायला लावा.

चौथी पायरी : बिघडलं तर?

प्रत्येकाला वेगळा प्रसंग द्या. बाहेर पडलेला आत जाणाऱ्याला सांगतोच, म्हणून सहा प्रसंग आहेत आणि शेवटचे दोन जरा अवघड.

फ्लास्कमध्ये गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा आला. आम्ल कमी पडलं किंवा परमँगनेट घाईने सोडलं, MnO₂ तयार झालं. ते रीडिंग टाकून द्यायचं. "थोडं आम्ल वाढवून चालवून घेतो" म्हणणारा प्रामाणिक आहे, पण चूक आहे.

गुलाबी आला आणि दोन मिनिटांनी गेला. एंड पॉइंट चुकला का? नाही. अर्धा मिनिट टिकला की झालं. पुढे जादा परमँगनेट Mn²⁺ बरोबर सावकाश अभिक्रिया करतं, शिवाय हवेतली धूळही आहेच.

ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा होता, मध्येच निघून गेला. रीडिंग जास्त, कारण बुडबुड्याची जागा भरायला गेलेलं परमँगनेटही मोजलं गेलं.

द्रावण चांगलं उकळलं. ऑक्झॅलिक आम्लाचं थोडं विघटन होतं, रीडिंग कमी येतं.

आता अवघड. कॉनिकल फ्लास्क पाण्याने धुऊन तसाच ओला घेतला. आणि दुसऱ्याने तो ऑक्झॅलिक आम्लाने विसळून घेतला. कोणाचं चुकलं? पाण्याने काही बिघडत नाही, पिपेटमधून आलेले मोल तेवढेच. विसळलेल्यात मात्र ऑक्झॅलिक जास्त गेलं, रीडिंग वाढलं, आणि काढलेली परमँगनेटची तीव्रता कमी आली. इथेच बहुतेक घसरतात, "रीडिंग जास्त म्हणजे तीव्रता जास्त" म्हणतात. धागा : "दूध पातळ असेल तर चहाला जास्त लागतं की कमी?"

शेवटचा : याच ब्युरेटने 0.05 M मोहर सॉल्टचे 10 mL केले असते तर 0.02 M परमँगनेट किती लागलं असतं? 5 mL. आयर्न एकच इलेक्ट्रॉन देतं, ऑक्झलेट दोन. गणित न करता "निम्मं" म्हणणारा दिसला तर खुर्चीतून उठून शाबासकी द्या. मागोमाग विचारा, मोहर सॉल्ट गरम का करायचं नाही? हवेतल्या ऑक्सिजनने Fe²⁺ चं Fe³⁺ होतं.

पाचवी पायरी : न पाहिलेलं

एकच प्रश्न, उत्तर अपुरं असलं तरी चालेल. विचार कसा करतो ते ऐका.

अळूची पानं खाजतात, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आज शिकलेल्या टायट्रेशनने पानातलं ऑक्झलेट मोजता येईल का? पहिलं उत्तर येईल, "पानं वाटून, गाळून, परमँगनेट घालायचं." तेव्हा विचारा, पानात परमँगनेट खाणारं आणखी काय आहे? साखर, हिरवा रंग, कितीतरी. मग ऑक्झलेट वेगळं काढायला हवं. विरल आम्लात काढून घ्यायचं, कॅल्शियम क्लोराइड आणि अमोनियाने कॅल्शियम ऑक्झलेटचा साका पाडायचा, क्लोराइड जाईपर्यंत धुवायचा, गरम विरल सल्फ्युरिकमध्ये विरघळवायचा आणि मग आजचंच टायट्रेशन. "साका पाडून वेगळं करू" इतकं आलं तरी पाचवी पायरी झाली. साका का धुवायचा, हे ज्याला तिसऱ्या पायरीवरच्या हायड्रोक्लोरिकवरून आपणहून सुचेल, त्याचं नाव मला सांगा.

पर्यायी : बाटलीत ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम ऑक्झलेट दोन्ही आहेत. 10 mL ला 0.1 M NaOH 8 mL लागलं आणि वेगळ्या 10 mL ला 0.02 M परमँगनेट 10 mL. प्रत्येक किती? NaOH ला फक्त आम्ल दिसतं, 0.4 मिलिमोल. परमँगनेटला दोन्ही दिसतात, 0.5 मिलिमोल. म्हणजे सोडियम ऑक्झलेट 0.1. कागद-पेन द्या, दोन मिनिटं थांबा, तोवर पुढच्याला आत बोलवू नका.

गुण

पहिली पायरी 1, दुसरी 2, तिसरी 3, चौथी 4, पाचवी 5. धागा घेऊन चढलेल्याचा अर्धा गुण कापा. सीबीआर उत्तराशी जुळत नसेल पण चौथ्या पायरीवर मुलाने आपली चूक स्वतः सांगितली, तर तोंडीचे गुण कापायचे नाहीत, टायट्रेशनचे वेगळे आहेत. बोलायला घाबरणारी दोघं-तिघं आहेत, त्यांना टेबलाशी बसवू नका. त्यांच्या ब्युरेटजवळ उभं राहून विचारा, तिथे बरं बोलतात.

हजेरी क्रमांक 14 चं मनगट फ्रॅक्चर आहे. त्याच्यासाठी टायट्रेशन सहायकाने केलं, स्टॉपकॉक कधी बंद करायचा हे त्यानेच सांगितलं. त्याला दुसरी पायरी हातांची नको, डोळ्यांची विचारा : "थांब कधी म्हणालास, आणि काय पाहून?"