रेफरन्स चेकमधील शेऱ्याबाबत माझे म्हणणे

विषय: क्वालिटी इंजिनिअर, चाकण प्लांट – रेफरन्स चेकमधील शेऱ्याबाबत

आदरणीय मॅडम,

नमस्कार.

माझ्या आधीच्या कंपनीतल्या प्रॉडक्शन मॅनेजर साहेबांनी दिलेला शेरा काल आपण मला फोनवर वाचून दाखवलात. असे शेरे बहुतेक वेळा उमेदवाराच्या कानावर येतही नाहीत, फक्त ऑफर लेटर यायचे थांबते. आपण विचारलेत, त्याबद्दल मनापासून आभार. फोनवर घाईत काही बोलण्यापेक्षा लिहून पाठवतो असे म्हणालो होतो, त्याप्रमाणे लिहितो आहे.

माझ्या लक्षात राहिल्याप्रमाणे शेरा असा होता: "तांत्रिक काम चांगले. पण प्रॉडक्शनशी जुळवून घेत नाही, अडून बसतो, डिस्पॅच थांबवतो."

डिस्पॅच मी थांबवला होता, हे खरे आहे. त्यावरून साहेबांचे आणि माझे वाजले, हेही खरे. मात्र मी प्रॉडक्शनशी जुळवून घेत नाही, हे मला मान्य नाही. साहेबांच्या मनात कोणता प्रसंग असावा याची मला कल्पना आहे, म्हणून तोच सांगतो.

मागच्या ३१ मार्चची संध्याकाळ. ॲल्युमिनियम हाउसिंगचा १,२०० पीसचा लॉट, गाडी गेटवर लागलेली आणि बिलिंग त्याच रात्री व्हायचे होते. या हाउसिंगमध्ये २६ मिमीच्या बोअरमध्ये बेअरिंग बसते. ड्रॉइंगवर टॉलरन्स H7, म्हणजे २६.००० ते २६.०२१. फायनल इन्स्पेक्शनला एका बिनमधल्या पीसमध्ये नो-गो प्लग, जो बोअर मोठा असेल तरच आत जातो, तो अलगद आत उतरला. त्याच बिनमधले आणखी चार पीस एअर गेजवर घेतले, त्यातले दोन मोठे निघाले. लाइनवर जाऊन सेटरला विचारले, तेव्हा दुसऱ्या शिफ्टमध्ये बोअरिंगचा इन्सर्ट बदलल्याचे कळले. ऑफसेट थोडा जास्त पडला होता. बोअर लहान राहिला असता तर पुन्हा मशीनवर घेता आला असता. मोठा झालेला बोअर लहान करता येत नाही, आणि सैल बसलेल्या बेअरिंगची बाहेरची रिंग पुढे हाउसिंगमध्ये फिरू लागते. ग्राहकाच्या असेंब्लीत हे त्या दिवशी कोणाच्याही लक्षात आले नसते. गाडी रस्त्यावर आल्यावर आवाज सुरू झाला असता.

साहेबांचे म्हणणे होते की ग्राहकाला फोन करून सांगू आणि माल जाऊ दे. माझे म्हणणे होते की ग्राहकाची लेखी परवानगी, म्हणजे डेव्हिएशन, हातात आल्याशिवाय संशयित माल हलवायचा नाही. बिनच्या टॅगवर वेळ लिहिलेली असल्यामुळे इन्सर्ट बदलण्याआधीचे ८०० पीस वेगळे काढता आले. त्यातले नमुने तपासले आणि ते त्याच रात्री गाडीत भरू दिले. उरलेले ४०० लाल टॅग लावून बाजूला ठेवले आणि शंभर टक्के तपासले. ६३ पीस रिजेक्ट झाले, बाकीचे १ एप्रिलला दुपारी गेले. ग्राहकाची लाइन थांबली नाही. पण त्या बाकीच्या पीसचे बिल नव्या आर्थिक वर्षात गेले. साहेबांना वरून त्याचा जाब विचारला गेला, आणि ती नाराजी पुढे कायम राहिली.

मला त्यांच्याविषयी वाईट बोलायचे नाही. महिनाअखेरचा आकडा त्यांच्या डोक्यावर असतो, माझ्या नाही. त्यांनी त्यांच्या बाजूने जे दिसले ते सांगितले. क्वालिटीच्या माणसाला शिपमेंट थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, असे आयएटीएफ १६९४९ च्या कलम ५.३.२ मध्येच आहे. आपल्या प्लांटमध्येही तेच स्टँडर्ड लागू आहे. तरीही नुसते कलम दाखवून मी मोकळा होणार नाही, कारण आपली खरी काळजी वेगळी असावी. हा माणूस आमच्या प्रॉडक्शनवाल्यांशी रोज भांडत तर बसणार नाही ना?

त्यासाठी पुढे काय झाले तेही सांगतो. त्याच आठवड्यात मी दोन्ही शिफ्टच्या सेटरांबरोबर मशीनपाशी उभा राहून एक साधी पद्धत बसवली. इन्सर्ट बदलला की पहिला पीस एअर गेजवर घ्यायचा, रीडिंग लिहून सही करायची, मगच सायकल पुढे चालू करायची. सुरुवातीला सेटर कुरकुरले, कारण गेज लांब होते. म्हणून मेंटेनन्सला सांगून ते मशीनशेजारी हलवून घेतले. कंट्रोल प्लॅनमध्ये हा बदल केला तेव्हा त्यावर प्रॉडक्शनच्या बाजूने सही याच साहेबांची आहे. मी राजीनामा देईपर्यंत त्या बोअरसाठी पुन्हा माल अडवावा लागला नाही. डिस्पॅच थांबवण्याची वेळ येऊ नये, यासाठीच माझा बराचसा दिवस लाइनवर जात असे, आणि ते काम ऑपरेटर, सेटर यांच्याशी पटल्याशिवाय होत नाही.

माझ्या एकट्याच्या शब्दावर आपण विश्वास ठेवावा अशी अपेक्षा नाही. त्या लाइनचे शिफ्ट सुपरवायझर माझ्याबरोबर रोज काम करत होते. ते प्रॉडक्शनचेच आहेत, त्यामुळे त्यांचे मत आपल्याला जास्त उपयोगी पडेल. ते बोलायला तयार आहेत. ज्यांना मी रिपोर्ट करत होतो ते क्वालिटी हेड आता दुसऱ्या कंपनीत आहेत, त्यांनीही होकार दिला आहे. दोघांचे नंबर आपल्याला व्हॉट्सॲपवर वेगळे पाठवतो, मेलमध्ये ते फिरू नयेत म्हणून. शेरा देणाऱ्या साहेबांशी पुन्हा बोलावेसे वाटले तरी माझी काही हरकत नाही. ३१ मार्चच्या लॉटबद्दल थेट विचारले तरी चालेल.

सोबत रिलीव्हिंग लेटर, एक्स्पीरियन्स लेटर आणि मागच्या दोन वर्षांची अप्रेझल लेटर्स जोडली आहेत. नोटीस पिरियड मी पूर्ण केला आहे, तसा रिलीव्हिंग लेटरमध्ये उल्लेख आहे. त्या लॉटचा रिजेक्शन रिपोर्ट, ड्रॉइंग किंवा कंट्रोल प्लॅनची प्रत मात्र मी पाठवू शकत नाही. ती आधीच्या कंपनीची कागदपत्रे आहेत आणि निघताना मी सोबत आणलेली नाहीत. वर लिहिलेले तपशीलही मी भागाचा नंबर आणि ग्राहकाचे नाव टाळून दिले आहेत, हे आपण समजून घ्याल.

एक विनंती आहे. शक्य झाले तर आपल्या प्लांटच्या प्रॉडक्शन हेडशी माझी अर्धा तास भेट ठरवावी. इंटरव्ह्यूला क्वालिटीचेच साहेब होते. ज्यांच्याबरोबर रोज काम करायचे आहे त्यांनी मला समोरासमोर विचारलेले बरे. माल अडवायची वेळ आली तर मी त्यांना किती आधी सांगेन, कोणाला सांगेन, चांगला माल वेगळा काढून कसा सोडेन, हे त्यांच्याच एखाद्या पार्टवर बोलता येईल. या आठवड्यात कोणत्याही दिवशी दुपारी ३ नंतर मी चाकणला येऊ शकतो, शनिवारी पूर्ण दिवस मोकळा आहे.

जॉइनिंगची तारीख पुढे गेली तरी माझी अडचण नाही. आपली चौकशी पूर्ण होऊ द्या.

आपला विश्वासू,
संदीप