छातीचा एचआरसीटी पुन्हा करण्याबाबत

सांगली, 12 नोव्हेंबर 2024

मा. डॉ. कुलकर्णी सर,
छातीविकारतज्ज्ञ

रुग्ण: श्रीमती शालन पाटील, वय 64, रा. तासगाव तालुका

सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेल्या शालनताईंचा एचआरसीटी काल दुपारी झाला, पण फुप्फुसांच्या खालच्या भागाची चित्रं हलली आहेत आणि तेवढा भाग पुन्हा घ्यावा लागेल. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्लाइस पाहून तसं सांगितलं आहे. शालनताईंचा मुलगा सीडी घेऊन आपल्याकडे येईल आणि "मशीन बिघडलं होतं" असं म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. मशीन ठीक आहे. त्याच टेबलावर आधीचे आणि नंतरचे रुग्ण व्यवस्थित झाले.

टेबलावर घेण्यापूर्वी त्यांच्याकडून श्वास भरून रोखण्याचा सराव करून घेतला होता आणि तो त्यांना जमलाही. आमच्या 16 स्लाइस मशीनवर पूर्ण छातीला सुमारे दहा सेकंद लागतात. आडवं झाल्यावर निम्मा स्कॅन होईपर्यंत त्यांनी श्वास धरला, मग ढास लागली. आम्ही वरून खाली येत होतो, त्यामुळे वरची निम्मी छाती स्वच्छ आली आणि नेमका तळाचा भाग गेला.

नुसतं धूसर दिसतं एवढंच असतं तर मी पुन्हा बोलावण्याचा आग्रह धरला नसता. अडचण अशी की ही धूसरता रोगासारखी दिसते. उजवीकडची फिशर एकाऐवजी दोन रेषांत उमटली आहे, रक्तवाहिन्या जोडीनं दिसतात, लहान श्वासनलिका रुंदावल्यासारख्या वाटतात आणि त्यामागे ग्राउंड ग्लाससारखी पुसट छटा आहे. आपल्या चिठ्ठीत "तळाशी दोन्ही बाजूंना क्रेप्स, आयएलडी?" असं आहे. फायब्रोसिस बहुधा जिथून सुरू होतो, तीच जागा आम्हाला नीट मिळालेली नाही. त्या स्लाइसवरून "आहे" म्हणता येत नाही, "नाही" तर त्याहून म्हणता येत नाही. म्हणून सीडी आपण पाहिलीत तरी कॅरिनाच्या खालच्या चित्रांवर उपचार ठरवू नयेत ही विनंती. वरच्या भागाचा तात्पुरता रिपोर्ट मॅडम आज देतील.

लगेच तिथेच पुन्हा का घेतला नाही, हे आपण विचाराल. उठवून बसवल्यावरही खोकला थांबेना, सॅच्युरेशन 88 वर आलं होतं. ऑक्सिजन लावल्यावर ते 94 झालं, पण त्या अवस्थेत पुन्हा झोपवलं असतं तर आणखी रेडिएशन देऊन दुसरा हललेला स्कॅनच हाती आला असता.

रेडिएशनचा हिशेबही मांडतो, कारण घरचे त्यावरच अडले आहेत. कालच्या स्कॅनचा डीएलपी 286 होता, म्हणजे ढोबळमानानं 4 मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. आता पूर्ण छाती घ्यायची नाही. कॅरिनापासून खाली, कमी एमएएसवर घेतलं की कालच्या निम्म्याहूनही कमी डोस बसेल. या वयात तो द्यायला मला संकोच वाटत नाही. चुकीच्या चित्रावरून महिनोन्‌महिने स्टेरॉइड चालू राहणं मला जास्त जड वाटतं, अर्थात तो निर्णय आपला.

या वेळी स्कॅन डायफ्रॅमकडून वर नेऊ, म्हणजे श्वास ताजा असतानाच तळ उरकेल. पुढे ढास लागली तरी फारसं बिघडत नाही. टेबलाचा वेगही वाढवू. जमलं तर उपडं झोपवून घेऊ. उताणं झोपल्यावर पाठीकडच्या भागात नुसत्या वजनानं जी छटा येते ती उपडं केल्यावर जाते आणि खरा आजार असेल तर राहतो. मात्र धाप पाहता उपडं झोपणं त्यांना सोसेल का, हे आपण तपासून चिठ्ठीत लिहून द्यावं.

आदल्या रात्री आणि स्कॅनच्या तासभर आधी खोकला दाबणारं काही देता येईल का, नेब्युलायझेशन करायचं का, तेही कळवावं. कॉन्ट्रास्ट नाही, त्यामुळे उपाशी राहण्याची किंवा क्रिएटिनिनची गरज नाही. दरम्यान घरी श्वास रोखण्याचा सराव करायला मुलाला सांगितलं आहे.

गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. त्या वेळी गर्दी नसते आणि ऑक्सिजनसह दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवता येतं. पुन्हा पैसे पडणार नाहीत, हे काउंटरवर लिहून ठेवलं आहे. तोवर धाप वाढली तर गुरुवारची वाट न पाहता थेट पाठवावं, मधेच घेऊ.

आपला विश्वासू,
सुनील जाधव
सिनियर रेडिओग्राफर, सीटी विभाग

सोबत: कालच्या स्कॅनची सीडी, डोसची नोंद