बोरिवली–कुडाळ प्रवासाची जाहीर वेळ ९ तास, प्रत्यक्षात १५ तास: तक्रार व भरपाईची मागणी

दि. १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
बोरिवली–सावंतवाडी एसी स्लीपर सेवा,
मुख्य कार्यालय, बोरिवली (पूर्व), मुंबई

विषय: दि. १० नोव्हेंबरच्या रात्रीच्या गाडीने बोरिवली ते कुडाळ केलेल्या प्रवासाच्या वेळेबाबत

महोदय,

सोमवारी, १० नोव्हेंबरला रात्री ९ वाजता बोरिवलीहून सुटणाऱ्या तुमच्या गाडीचे मी ११५० रुपये भरून तिकीट काढले होते. अ‍ॅपवर आणि तिकिटावर कुडाळला पोचण्याची वेळ सकाळी ६ अशी होती. शिवाय ‘फक्त ९ तास’ ही पिवळ्या पट्टीतली जाहिरात वेगळीच. गाडी कुडाळला लागली दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी.

गाडीला उशीर झाला, एवढीच तक्रार असती तर मी पत्र लिहिले नसते. मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. या रस्त्याने तीसेक वर्षे ये-जा आहे, उशीर म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. माझी तक्रार आहे ती छापलेल्या वेळेबद्दल. ही वेळ तुमची गाडी पाळू शकत नाही आणि ते तुम्हाला तिकीट विकतानाच माहीत असते.

त्या रात्रीचा हिशेब देतो. विरारहून येणारी गाडी बोरिवलीला ९:५० ला आली. तिथून पनवेलपर्यंत चौदा थांबे. तुर्भ्याला प्रवासी चढले दोन, पण गाडी थांबली पस्तीस मिनिटे, कारण टपावर पार्सल चढत होते: खोकी, गाद्या आणि एक लोखंडी कपाट. पनवेल सोडायला १:२० वाजले. पेणच्या अलीकडे हॉटेलवर पन्नास मिनिटे. माणगाव ४:३०, चिपळूण ६:५५, मग चहासाठी पंचवीस मिनिटे. राजापूरला ते कपाट दोरखंडाने खाली उतरवेपर्यंत वीस मिनिटे सगळे प्रवासी रस्त्याच्या कडेला उभे. कपाटाचा मालक येऊन आधी ते उघडून बघत होता, आरसा फुटला की काय म्हणून. त्याचे कपाट सुखरूप होते.

कुडाळला मी कशासाठी निघालो होतो तेही सांगतो. आमच्या वडिलोपार्जित जमिनीची मोजणी मंगळवारी ११ वाजता होती. ही तारीख मिळायला पाच महिने लागले. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या होत्या, भाऊ कोल्हापूरहून रजा काढून आला होता. अर्ज माझ्या नावावर, मूळ कागद माझ्या पिशवीत, आणि मी राजापूरला कपाट बघत उभा. भूकरमापक साडेअकरापर्यंत थांबले आणि पुढच्या मोजणीला निघून गेले. आता पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. कोकणकन्येचे तिकीट वेटिंगवर असल्याने मी बस घेतली. सहाला पोचतो म्हटल्यावर पाच तास हातात होते. अ‍ॅपवर ‘११ वाजता’ असे खरे लिहिले असते, तर मी एक रात्र आधीच, रविवारी निघालो असतो. तिकीट तुमचेच काढले असते.

दुसऱ्या दिवशी तुमच्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळाले, “हायवेचे काम चालू आहे, ट्रॅफिक आमच्या हातात नाही.” महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे. चौदा वर्षे जी गोष्ट चालू आहे ती अचानक आलेली अडचण कशी? ती धरूनच वेळापत्रक करायचे असते. आणि तुर्भ्याचे पार्सल तर महामार्गाने चढवले नाही.

तुमचे वेळापत्रक तुम्हीच एकदा मांडून पाहा. त्यात पनवेलची वेळ रात्री १२ आणि कुडाळची सकाळी ६. हे अंतर चारशे किलोमीटरच्या वर आहे. हॉटेलचा थांबा वजा केला तर हातात राहतात जेमतेम सव्वापाच तास. म्हणजे पेण, माणगाव, हातखंबा, सगळीकडून ताशी पंचाहत्तरच्या पुढे सरासरी ठेवायला हवी. गाडीच्या मागे मात्र ‘वेगमर्यादा ८०’ अशी पट्टी तुम्हीच लावलेली आहे. चालकाने ही वेळ गाठायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी त्याचा आभारीच आहे.

चिपळूणला चहा घेताना त्यालाच विचारले. तो म्हणाला, “काका, सहाला कोण पोचवतो? थोडं लवकर म्हटलं तरी साडेदहा-अकरा. ऑफिसवाले टाकतात तसं, नायतर बुकिंग दुसरीकडे जातं.” खरे बोलल्याबद्दल कृपा करून त्याच्यावर कारवाई करू नका.

त्याचे म्हणणे मी पडताळून पाहिले. पुढचे दोन दिवस तुमच्याच अ‍ॅपवरचे लाइव्ह ट्रॅकिंग बघत बसलो. १२ तारखेला गाडी कुडाळला १०:४० ला पोचली, १३ तारखेला ११:२५ ला. तिकिटाखाली बारीक अक्षरात ‘वेळ अंदाजे’ असे लिहिले आहे, हे मला ठाऊक आहे. पण अंदाज कधी वीस मिनिटे पुढे चुकतो, कधी दहा मिनिटे मागे. रोज चार-पाच तास आणि रोज एकाच बाजूला चुकतो, त्याला अंदाज म्हणत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे. त्यामुळे माझ्या मागण्या अशा: तिकिटाचे ११५० रुपये पूर्ण परत करावेत. मोजणी हुकल्याने झालेला खर्च आणि मनस्ताप यापोटी ३००० रुपये द्यावेत. आणि अ‍ॅपवर, तिकिटावर व बोरिवलीच्या बुकिंग खिडकीवरच्या फलकावर कुडाळची खरी वेळ लिहावी. सोबत विरारपासूनचे सगळे थांबे आणि पार्सलसाठी लागणारा वेळही दाखवावा. पैशांबाबत एकवेळ बोलता येईल, शेवटच्या मागणीबाबत नाही. माझ्यामागच्या बर्थवर एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन होत्या. सहाला पोचायचे म्हणून त्यांनी दूध तेवढेच घेतले होते. हातखंब्याला ते संपले.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही, याची चौकशी करून ठेवली आहे. तिकिटावरच्या मोबाइल क्रमांकावर मी संध्याकाळी सातनंतर भेटेन. फक्त, ‘ट्रॅफिक होते’ एवढेच सांगायला फोन करू नये.

आपला,
सुहास गावडे
बोरिवली (पूर्व), मुंबई ४०००६६

सोबत: तिकिटाची प्रत, ‘फक्त ९ तास’ जाहिरातीचा स्क्रीनशॉट, १२ व १३ नोव्हेंबरच्या लाइव्ह ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट, कुडाळ स्थानकासमोर उतरल्यावर काढलेला, वेळ दिसणारा फोटो, मोजणीच्या नोटिशीची प्रत.