‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेलं जॅकेट हलक्या पावसात भिजल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

दिनांक : ३ जुलै २०२५
ऑर्डर क्रमांक : ४४१७२०९
वस्तू : पावसाळी जॅकेट, गडद निळं, मीडियम, टोपीसह

विषय : जॅकेट परत घेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत

महोदय / महोदया,

वर लिहिलेलं जॅकेट मी ४ जूनला तुमच्या वेबसाइटवरून मागवलं आणि ९ जूनला ते मला मिळालं. १९ जूनला ते पहिल्यांदा पावसात घातलं आणि त्याच दिवशी आतला शर्ट दोन्ही खांद्यांवर आणि छातीवर ओला झाला. दुसऱ्याच दिवशी, २० जूनला, मी तुमच्या चॅटवर तक्रार केली. तिथे मला दोन वेगवेगळ्या प्रतिनिधींनी तीन वेगवेगळी कारणं सांगून नकार दिला. म्हणून हे लेखी पत्र.

तुमच्या वेबसाइटवर या जॅकेटच्या नावातच ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द आहे. खालच्या वर्णनात ‘१०,००० मिमी’ असा आकडा आहे, आणि सोबत आलेल्या पुठ्ठ्याच्या टॅगवरही तोच आकडा छापलेला आहे. ‘हलक्या पावसासाठी’, ‘वॉटर रेझिस्टंट’ किंवा ‘मर्यादित वेळेसाठी’ असं कुठेही लिहिलेलं नाही. मी ते पान मागवण्याआधी नीट वाचलं होतं आणि तक्रार करताना त्याचा फोटोही काढून ठेवला. तो सोबत जोडला आहे.

१९ तारखेचा पाऊस कसा होता ते सांगणं भाग आहे, कारण तुमच्या पहिल्या प्रतिनिधीचा प्रश्नच होता, “पाऊस खूप जोरात होता का?” नव्हता. भुरभुर होती. वारा नव्हता. बसमधून उतरून घरापर्यंत मी साधारण पंचवीस मिनिटं चालले आणि त्या वेळात रस्त्यावरच्या निम्म्या लोकांनी छत्रीसुद्धा उघडली नव्हती. पाठीला सॅक नव्हती, खांद्याला पर्सही नव्हती, म्हणजे पट्ट्याच्या दाबामुळे पाणी आत शिरलं असं म्हणायलाही जागा नाही. चेन गळ्यापर्यंत लावलेली होती, टोपी डोक्यावर होती. एवढं करून घरी आल्यावर जॅकेट काढलं तेव्हा शर्ट दोन्ही खांद्यांवर बोटभर रुंदीच्या सरळ पट्ट्यात ओला होता, आणि डाव्या छातीवर एक गोल डाग होता. आतल्या खिशातली डायरी फुगली. ती जुनी होती, तिच्याबद्दल मी काही मागत नाही. पण खिसा आतला होता, एवढं लक्षात घ्यावं.

त्या ओल्या पट्ट्यांमुळेच मला जॅकेट उलटंपालटं करून बघावंसं वाटलं. पाणी कापडातून झिरपलं असतं तर ओल पसरट, वेडीवाकडी दिसली असती. ही तर पट्टी धरून आखल्यासारखी होती. या जॅकेटच्या अस्तराला खालच्या कडेला एक छोटी चेन आहे. ती उघडून मी जॅकेट आतून बाहेर काढलं आणि टॉर्च लावून शिवणी पाहिल्या. टोपीच्या शिवणींवर आतून पारदर्शक टेप चिकटवलेली आहे. खांद्यांच्या शिवणींवर नाही. बाह्या जिथे जोडल्या आहेत तिथेही नाही. आणि डाव्या छातीवर जे बोधचिन्ह भरतकामात केलेलं आहे, त्याच्या मागे नुसते धागे आहेत. सुईने पाडलेली शेकडो भोकं तशीच उघडी आहेत. शर्टावरचा गोल डाग बरोबर त्याच्याखाली होता.

मग मी एक साधा प्रयोग केला. अस्तर बाजूला करून जॅकेटचा पाठीकडचा, शिवण नसलेला भाग एका पातेल्यावर खोलगट पसरला आणि त्यात दोन कप पाणी ओतलं. एक तासाने खालून हात लावला तर कापड कोरडं. तेच खांद्याच्या शिवणीवर केलं, तर चौथ्या मिनिटाला पातेल्यात पहिला थेंब पडला आणि मग थांबलाच नाही. भरतकामाखाली थोडा जास्त वेळ लागला, अकरा मिनिटं. हा प्रयोगशाळेतला तपास नाही, घरातल्या ओट्यावरचा आहे, हे मला मान्य आहे. पण तो कोणालाही सहज करून बघता येतो, आणि तुम्ही तो तुमच्याकडच्या याच मॉडेलच्या दुसऱ्या जॅकेटवर करून बघावा अशी माझी विनंती आहे. फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत.

आता त्या १०,००० मिमीबद्दल. हा आकडा कापडाच्या तुकड्याचा असतो. कापड चिमट्यात घट्ट पकडून त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि पलीकडे पाणी दिसू लागलं की तो दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. कापड तेवढं सहन करत असेलही. माझ्या पातेल्याने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. पण मी तुमच्याकडून कापडाचा तागा विकत घेतलेला नाही. मी जॅकेट घेतलं, आणि जॅकेट म्हटलं की शिवणी आल्या, चेन आली, भरतकाम आलं. यातल्या दोन ठिकाणी भोकं उघडी ठेवून कापडाचा आकडा टॅगवर छापणं म्हणजे छत्रीच्या कापडाची हमी देऊन तिला मध्ये भोक ठेवण्यासारखं आहे.

तुमच्या प्रतिनिधींनी दिलेली कारणं आता एकेक घेते.

पहिलं कारण : “आतून ओल आली असेल तर तो घाम आहे.” हवा कमी खेळणाऱ्या जॅकेटमध्ये घामाची वाफ आतून जमते, हे खरं आहे, आणि कोणी मोघम तक्रार केली तर हा प्रश्न विचारणं योग्यच आहे. पण घाम काखेत, पाठीवर येतो. माझ्या शर्टाची पाठ आणि काख कोरडी होती. घाम शिवणींची रेघ धरून चालत नाही आणि कंपनीचं बोधचिन्ह शोधून त्याच्याखाली गोळाही होत नाही.

दुसरं कारण : “वरचं कोटिंग धुतल्यामुळे गेलं असेल, वॉटरप्रूफ स्प्रे मारून बघा.” जॅकेट मी एकदाही धुतलेलं नाही, मिळाल्यापासून दहा दिवसांतली ही गोष्ट आहे. आणि ज्या लेपामुळे पाण्याचे थेंब वरच्यावर गोळा होऊन ओघळतात, तो लेप शाबूत होता. घरी आले तेव्हा बाह्यांवर थेंब मोत्यांसारखे उभे होते; फोटोत दिसतील. तो लेप वरचं कापड जड आणि गार होऊ देत नाही, पण पाणी खरं अडवतं ते कापडाच्या आतल्या बाजूचं आवरण. सुईची भोकं बुजवणं हे स्प्रेचं काम नाही. शिवाय नव्या वस्तूतली उणीव मी माझ्या पैशाने स्प्रे आणून भरून काढायची, हा सल्ला मला जरा अजबच वाटला.

तिसरं कारण, आणि मला सगळ्यात जास्त खटकलेलं : “वापरलेली वस्तू परत घेता येत नाही.” पावसात न घालता जॅकेट वॉटरप्रूफ आहे की नाही हे ग्राहकाने कसं ओळखायचं? बूट न आवडल्यामुळे परत करणं वेगळं आणि जे सांगून विकलं तेच त्यात नाही म्हणून परत करणं वेगळं. तुमचा परतीचा नियम पहिल्या प्रकारासाठी आहे. दुसऱ्या प्रकारात वापरल्याशिवाय दोष कळतच नसेल, तर वापर हा नकाराचा आधार होऊ शकत नाही. जॅकेट पंचवीस मिनिटं घातलेलं आहे, सुकवून ठेवलेलं आहे, टॅगही जपून ठेवला आहे.

दुसऱ्या प्रतिनिधीने शेवटी उत्पादक कंपनीला ईमेल करायला सुचवलं. ते मी करणार नाही. पैसे तुम्ही घेतले, बिल तुमच्या नावाचं आहे, ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द तुमच्या पानावर आहे. उत्पादकाकडे हिशोब तुम्ही मागायचा. (त्या प्रतिनिधी बोलायला अतिशय सौजन्यशील होत्या, हे नोंदवते. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांच्या हातात नियम वाचून दाखवण्यापलीकडे काही नसावं.)

माझी मागणी अशी आहे. जॅकेटची पूर्ण रक्कम, मी भरलेल्या डिलिव्हरी शुल्कासह, ज्या कार्डावरून पैसे दिले त्याच कार्डावर परत मिळावी. जॅकेट घेऊन जाण्याची व्यवस्था तुमच्या खर्चाने व्हावी. याच मॉडेलचं दुसरं जॅकेट बदली म्हणून नको, कारण हा एका नगातला दोष नसून शिवण्याची पद्धतच तशी दिसते. तुमच्याकडे खर्च करायचं कूपनही नको. पहिल्या चॅटमध्ये ते देऊ केलं होतं आणि तेव्हाही मी नाही म्हटलं होतं. तुम्हाला आधी तपासणी करायची असेल तर जरूर करा, पण तपासणीत शिवणी आणि भरतकाम बघितलं जावं, नुसता कापडाचा तुकडा नको, आणि निष्कर्ष मला लेखी कळवावा.

याशिवाय एक मागणी, जिचा माझ्या पैशांशी संबंध नाही. ते पान आजही तसंच आहे. हे पत्र लिहिण्याआधी मी पुन्हा पाहिलं. एक तर त्यावरचा ‘वॉटरप्रूफ’ शब्द काढा, नाहीतर सगळ्या शिवणींना टेप नाही हे स्पष्ट लिहा. मला फक्त शर्ट बदलावा लागला. हेच जॅकेट घालून कोणी थंडी-पावसात डोंगरावर गेलं, तर भिजणं एवढ्यावर थांबत नाही. ओल्या कपड्यांत अंगातली ऊब किती झपाट्याने जाते हे ट्रेकला जाणाऱ्यांना सांगावं लागत नाही, आणि तुमच्या पानावर हे जॅकेट ‘ट्रेकिंग’ या सदरातच आहे.

१८ जुलैपर्यंत तुमच्या लेखी उत्तराची वाट पाहीन. तोवर उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नियमाचाच उतारा आला, तर हेच पत्र सोबतच्या पुराव्यांसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे पाठवेन आणि कार्डाच्या बँकेकडेही या व्यवहाराबद्दल हरकत नोंदवेन. फोन करायचा असल्यास संध्याकाळी सहानंतर करावा. पण फोनवर जे ठरेल ते ईमेलने पाठवावं, कारण आधीच्या दोन चॅटमध्ये एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी मला सांगितल्या गेल्या आहेत.

आपली,
ऑर्डर क्र. ४४१७२०९ ची ग्राहक
(नाव, पत्ता आणि फोन नंबर सोबतच्या बिलावर आहेत.)

सोबत : बिलाची प्रत, टॅगचे दोन्ही बाजूंचे फोटो, ४ जूनच्या ऑर्डरची पोच आणि २० जूनला घेतलेला वेबसाइटच्या पानाचा फोटो, ओला शर्ट, बाह्यांवरचे थेंब, आतल्या शिवणी आणि भरतकामाची मागची बाजू यांचे सात फोटो, पाण्याच्या प्रयोगाचे दोन व्हिडिओ, दोन्ही चॅटची संपूर्ण नोंद.